बाबांची मूळव्याध : पहिली रबर रिंग कळलीही नाही, दुसरीने रात्रभर जीव काढला. असं का होतं?

रामबागची_लेक · ३ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. विषय संकोचाचा आहे, पण आमच्या घरी तो संकोचामुळेच दोन वर्षं लांबला, म्हणून आता सरळच लिहिते.

बाबा ५८ वर्षांचे. शौचाच्या वेळी लालभडक रक्त, दुखणं अजिबात नाही. आधी मोठ्या आतड्याची दुर्बीण झाली, ती स्वच्छ निघाली. आत मूळव्याधीचे तीन कोंब आहेत, रबर बँड लावू असं ठरलं. पहिला बँड एप्रिलअखेर लागला. बाबा टेबलावरून उठले आणि 'झालंसुद्धा?' म्हणाले. दोन दिवस जड वाटत होतं, शौचाला जावंसं वाटायचं पण होत नव्हतं, बस्स.

दुसरा बँड मागच्या गुरुवारी. तेच डॉक्टर, तेच यंत्र, तीच काळी रिंग. या वेळी दहा मिनिटांत बाबांना घाम फुटला. 'आत कोणीतरी चिमटा लावून ठेवलाय आणि सोडत नाही,' हे त्यांचे शब्द. तिथे सांगितलं, 'थोडं दुखतंच, गोळी घ्या.' घरी आलो. रात्रभर ते कुशीवर वळून उशीची कड दातात धरून होते, लघवीही होईना. सकाळी दुसऱ्या सर्जनकडे नेलं. त्यांनी आत पाहून बँड कापून काढला. पाच मिनिटांत बाबांचा चेहरा बदलला, अर्ध्या तासात लघवी झाली.

त्या सर्जननी एकच वाक्य सांगितलं, 'बँड रेषेच्या खाली गेला होता.' कसली रेषा? सेंटिमीटरभर इकडे-तिकडे झाल्याने एवढा फरक कसा पडतो? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे आणि बाबा आता नाहीच म्हणतायत.

सेवसम्राट_मल्हारगंज · ३ जून, रात्री १०:२०

ताई, आधी जेवणातलं तिखट बंद करा. आपल्या इंदुरात सकाळी पोह्यांवर सेव, संध्याकाळी पुन्हा सेव, मग दुसरं काय होणार? रोज ताक द्या आणि रात्री इसबगोल. माझ्या मोठ्या भावाचं त्यानेच थांबलं.

रामबागची_लेक · ३ जून, रात्री १०:३१

दादा, इसबगोल सुरूच आहे, फायदाही आहे. माझा प्रश्न आहाराचा नाही. एकाच माणसाला एकच इलाज एकदा कळला नाही आणि एकदा सोसवला नाही, ते का, एवढंच विचारतेय.

औषधवाला_छत्रीबाग · ३ जून, रात्री ११:०५

याचं उत्तर सोपं आहे. गुदमार्गात मधोमध एक रेषा असते, डेंटेट लाइन म्हणतात. तिच्या वर नसाच नाहीत, म्हणून वर काहीही करा, कळत नाही. खाली नसा आहेत, म्हणून दुखतं. वरच्या भागाचं रक्त लिव्हरकडे जातं, त्यामुळे मूळव्याध हा मुळात लिव्हरचा रोग आहे. बाबांची लिव्हरची तपासणी करून घ्या, मूळ कारण तिथे सापडेल.

बडोद्याचा_प्रवासी · ४ जून, सकाळी ७:१५

माझा अनुभव उलटा आहे. गेल्या थंडीत बडोद्याहून रात्रभर बसून प्रवास केला. दुसऱ्या दिवशी अगदी दाराशीच जांभळ्या द्राक्षाएवढी गाठ आली, टणक, आणि बसणं अशक्य. मी डॉक्टरांना म्हटलं, बँड लावून टाका, मित्राला लावला होता, त्याला काहीच दुखलं नाही. डॉक्टर म्हणाले, 'इथे बँड लावला तर तुम्ही मला जन्मभर विसरणार नाही.' त्यांनी जागा बधिर करून छोटी चीर दिली, काळी गुठळी निघाली आणि मी चालत घरी आलो. माझीही मूळव्याधच ना? मग मला बँड का नाही?

सर्जनकाका_ग्वाल्हेर · ४ जून, दुपारी २:४०

मी निवृत्त सर्जन आहे. ग्वाल्हेरला तीस-एक वर्षं ही ओपीडी केली आणि शिकणाऱ्या मुलांना बँड लावायला शिकवलं. ताई, तुमच्या त्या दुसऱ्या सर्जननी एका वाक्यात बरोबर सांगितलं. मी ते जरा सोडवून सांगतो.

गुदमार्ग साधारण चार सेंटिमीटर लांब. बाहेरच्या कडेपासून अंदाजे दोन सेंटिमीटर आत ही रेषा येते. रेषा म्हटलं तरी ती पट्टीने मारलेली नाही. वरून उभ्या घड्या खाली येतात आणि त्यांची टोकं छोट्या पडद्यांनी एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून ती करवतीच्या दात्यांसारखी दिसते. प्रॉक्टोस्कोप, म्हणजे आत पाहायची छोटी नळी, आत घालून दिवा धरून हळूहळू मागे घेतला की वरचं अस्तर जांभळट-गुलाबी आणि ओलसर दिसतं. मग ही दात्यांची ओळ येते आणि तिच्याखाली एकदम फिकट, गुळगुळीत, ताणलेली त्वचा सुरू होते. रंग बदलतो ती जागा डोळ्याने पकडायची, सगळं कसब तिथे आहे.

वरचा भाग आतड्याचाच शेवट आहे. अस्तर आतड्याचं, रक्त आतड्याच्या धमनीचं, नसाही आतड्याच्याच. खालचा भाग शरीराच्या बाहेरच्या कातडीने आत येऊन बनवलेला. तिथे केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत, पण जात कातडीचीच. तिला संवेदना पुरवते प्युडेंडल नसेची फांदी, आणि ती बोटाच्या टोकाइतकी चोख खबर देते.

औषधवाले भाऊ, तुमचं अर्धं बरोबर आहे. वर नसा नाहीत हे खरं नाही. वर नसा आहेत, पण त्या स्वायत्त आहेत, आपल्या इच्छेबाहेरच्या. त्यांना कापलेलं, टोचलेलं, भाजलेलं कळत नाही. ताणलेलं, फुगलेलं कळतं. म्हणून पहिल्या बँडनंतर बाबांना शौचाला जावंसं वाटत राहिलं. बँडमध्ये धरलेला गोळा म्हणजे आत काहीतरी भरलंय अशीच त्या नसांनी खबर दिली. ती जडपणाची भावना एक-दोन दिवस राहते आणि जाते. चिमट्यासारखी, जागा बोटाने दाखवता येईल अशी कळ मात्र वरच्या नसांची असूच शकत नाही. ती आली म्हणजे बँडमध्ये खालची कातडी सापडली. तिथे गोळी देऊन घरी पाठवायचं नसतं, बँड काढायचा असतो, आणि शक्यतो त्याच टेबलावर. दोन-चार तास गेले की भोवती सूज येते, रिंग मांसात बुडते आणि शोधून कापणं अवघड होतं.

लघवी अडली त्याचंही कारण ऐका. खालच्या कातडीची नस माकडहाडाच्या वरच्या हाडातून, सॅक्रल दोन, तीन, चार या मुळांतून येते. मूत्राशय रिकामं करणाऱ्या नसाही त्याच मुळांतल्या. एका घरात आरडाओरडा झाला की शेजारचंही काम थांबतं, तसं होतं. पण ताई, एक नक्की लक्षात ठेवा. बँडनंतर ताप, वाढत जाणारं दुखणं आणि लघवी अडणं ही तिन्ही एकत्र आली, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. क्वचित होतो, पण जिवावर बेततो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाबांना ताप होता का?

रामबागची_लेक · ४ जून, दुपारी ३:०५

नाही काका, ताप नव्हता, मी दोनदा बघितला. आणि बँड निघाल्यावर सगळं सुटलं. पण हे कुणी आम्हाला सांगितलंच नव्हतं. लघवीचं मी घाबरल्यामुळे होत असेल म्हणून सोडून दिलं होतं.

एक विचारू? डॉक्टर तेच होते आणि रेषा त्यांना माहीत असणारच. मग चुकलं कसं?

सर्जनकाका_ग्वाल्हेर · ४ जून, सायंकाळी ६:३०

चांगला प्रश्न, कारण ही चूक अडाणीपणाची नसते, डोळ्यांच्या मोहाची असते.

प्रॉक्टोस्कोप मागे घेताना कोंब त्याच्या तोंडात घरंगळून येतो. जिथे सगळ्यात जास्त फुगलेला दिसतो तिथे बँड टाकावासा वाटतो. पण फुगा जिथे मोठा दिसतो ती जागा बहुधा खालची असते. बँड लावायचा तो फुग्यावर नव्हे, त्याच्या मुळाशी, वर. वरचं अस्तर धरून आवळलं की खाली लोंबणारा भाग आपोआप वर ओढला जातो. शिवाय बँडमुळे वरची धमनी कोंबाला जे रक्त पुरवते ते तुटतं. धरलेलं मांस सुकतं, पाच ते दहा दिवसांत रिंगसकट गळतं, आणि उरलेल्या जखमेचा व्रण अस्तराला आतल्या स्नायूशी चिकटवून धरतो. काम त्या व्रणाने होतं, नुसत्या कापण्याने नाही.

दुसरी फसगत मोजमापाची. पुस्तकात दोन सेंटिमीटर लिहिलंय म्हणून बाहेरून मोजून चालत नाही. बाबांसारखे कोंब वर्षानुवर्षं खाली येत असतील, तर ते आपल्याबरोबर रेषेलाही खाली ओढतात. त्यातून तिन्ही कोंब सारख्या उंचीवर नसतात. पहिला बँड कुठला होता? घड्याळाच्या काट्यांनी सांगितलं असेल.

रामबागची_लेक · ४ जून, सायंकाळी ६:४४

कागद काढला. पहिला तीन वाजता, दुसरा सात वाजता. आम्हाला वाटलं होतं, वेळ लिहिलीय.

सर्जनकाका_ग्वाल्हेर · ४ जून, सायंकाळी ७:१०

अनेकांना वाटतं. रुग्ण पाठीवर पाय वर करून झोपलाय असं धरून ती दिशा सांगितलेली असते. तीन म्हणजे डावी बाजू, सात म्हणजे उजवी मागची, अकरा म्हणजे उजवी पुढची. कोंब बहुतेक वेळा या तीन जागी असतात. बाबांचा सातचा कोंब जास्त उतरलेला असणार, हा माझा अंदाज. खात्री पाहिल्याशिवाय नाही.

म्हणून मी मुलांना एक सवय लावायचो. रिंग सोडण्याआधी चिमट्याने ती जागा नुसती धरायची, हलकेच दाबायची आणि रुग्णाला विचारायचं, 'टोचलं की नुसतं दाबलं?' टोचलं म्हणाला तर सोडायचं, अर्धा सेंटिमीटर वर जायचं, पुन्हा विचारायचं. याला खर्च नाही, वेळ अर्धं मिनिट. बाबांना सांगा, पुढच्या वेळी डॉक्टरांना आधी विचारायला सांगायचं. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

बडोदेकर, तुमची गाठ या रेषेच्या खालची. बाहेरच्या शिरेत रक्त गोठलं आणि वर चोख संवेदनेची कातडी ताणली गेली. तिथे बँड म्हणजे बोटाला रबर बांधून ठेवण्यासारखं. जागा बधिर करून गुठळी काढणं बरोबर होतं. पण ते पहिल्या तीन दिवसांत, त्यानंतर दुखणं आपोआप उतरायला लागतं आणि बहुधा चीर देत नाहीत. नाव दोघांचं मूळव्याध, पण तुमची आणि ताईंच्या बाबांची जात वेगळी.

औषधवाला_छत्रीबाग · ४ जून, रात्री ९:००

काका, नसांचं मान्य, माझं वाक्य चुकलं. पण वरचं रक्त पोर्टल शिरेतून लिव्हरकडे जातं हे तर पुस्तकात आहे. खालचं रक्त मात्र इलियाक शिरेतून थेट हृदयाकडे. मग लिव्हर बिघडलं की वरच्या शिरा फुगणार आणि मूळव्याध होणार, यात काय चूक?

सर्जनकाका_ग्वाल्हेर · ५ जून, सकाळी ८:२०

रक्ताचे रस्ते तुम्ही अगदी बरोबर सांगितलेत. त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा, आणि तो एके काळी पुस्तकांतही होता.

लिव्हर कडक झालं की पोर्टल शिरेत दाब वाढतो, आणि या रेषेजवळ जिथे दोन्ही रस्ते मिळतात तिथे शिरा फुगतात, हे खरं. पण त्या फुगलेल्या शिरा आणि मूळव्याधीचे कोंब या वेगळ्या वस्तू आहेत. कोंब म्हणजे प्रत्येक निरोगी माणसात असलेल्या मऊ उशा, दार नीट बंद राहावं म्हणून. त्यांना धरून ठेवणारे धागे सैल पडले की त्या घसरतात. १९७५ मध्ये थॉमसन नावाच्या सर्जननी हे दाखवल्यापासून शिरा फुगण्याची जुनी कल्पना मागे पडली. कोंबाचं रक्त लालभडक असतं, काळसर नाही, हेच बघा. त्यात धमनी आणि शीर थेट जोडलेल्या असतात.

फरक व्यवहारातही मोठा आहे. लिव्हरच्या रुग्णाच्या फुगलेल्या शिरेवर कुणी कोंब समजून बँड टाकला, तर रिंग गळताना न थांबणारा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून कावीळ, दारू किंवा पोटात पाणी झाल्याचा इतिहास आम्ही आधी विचारतो. लिव्हर ठीक असलेल्या माणसाला मूळव्याध झाली म्हणून लिव्हर शोधत बसायचं नाही.

डिसेक्शन_हॉल · ५ जून, रात्री १०:१५

मी इंदुरातच एमबीबीएस पहिल्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात हा भाग आम्ही उभा कापून पाहिला. काका म्हणतायत तो रंगाचा फरक तिथे दिसला नाही, औषधात ठेवल्यावर सगळं राखाडी होतं. पण सरांनी बोट फिरवायला लावलं. वरच्या घड्या खरखरीत लागतात आणि दात्यांच्या ओळीखाली एकदम गुळगुळीत. त्या दात्यांच्या मागे बारीक खिसे आहेत, त्यात सुईचं टोक अडकतं. सर म्हणाले, खिशांत उघडणाऱ्या ग्रंथींत जंतू गेले की भगंदर सुरू होतं.

या दोन भागांचा जन्मही वेगळा आहे. गर्भात आतड्याचं टोक वरून येतं आणि बाहेरच्या कातडीचा खळगा खालून आत येतो. मध्ये एक पडदा असतो, तो आठव्या आठवड्याच्या सुमाराला फुटतो. दोघे आपापलं रक्त, आपापल्या नसा, आपापलं अस्तर घेऊन आलेले असतात. मला हे पाठ होतं. रामबागच्या ताईंच्या बाबांची ती रात्र वाचल्यावर पहिल्यांदा समजलं.

काका, एक शंका. रेषा इतकी काटेकोर आहे का? वर शून्य संवेदना आणि खाली पूर्ण?

सर्जनकाका_ग्वाल्हेर · ६ जून, सकाळी ७:५०

नाही बेटा, आणि हे पहिल्या वर्षातच विचारलंस ते फार चांगलं केलंस. रेषेच्या लगेच वर एक संक्रमणाची पट्टी असते. तिथलं अस्तर ना धड आतड्याचं, ना धड कातडीचं. १९६० च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं की चोख संवेदनेची नसटोकं रेषेच्या थोडी वरही सापडतात. याच पट्टीमुळे वर आलेली गोष्ट वारा आहे, पाणी आहे की मळ आहे हे आपण ओळखतो, असं मानतात.

म्हणून 'रेषेच्या वर' म्हणजे रेषेला चिकटून नव्हे. बँड किती वर घ्यायचा यावर सर्जनांत एकमत नाही. काही जण अर्धा सेंटिमीटर पुरे म्हणतात, मी एकाहून कमी कधी घेतला नाही, आणि काही त्याहूनही वर जातात. एका बैठकीत एक बँड की तिन्ही, यावरही मतं वेगळी आहेत. मी एकावर ठेवायचो, कारण दुखलं तर कुठला ते कळतं.

नर्सताई_सुदामानगर · ६ जून, सकाळी ९:३०

एक भर घालते, कारण फोन मलाच घ्यावे लागतात. बँडनंतर आठव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास थोडं रक्त दिसलं तर लोक घाबरतात. रिंग गळते तेव्हाचं किंवा त्यानंतरच्या जखमेचं ते असतं. चमचाभर असेल तर चालतं. पण रक्ताने भांडं भरलं, गुठळ्या पडल्या, चक्कर आली तर वाट बघायची नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती बँडच्या आधीच सांगायची, आपणहून बंद मात्र करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. बाबांची कुठली गोळी आहे का?

रामबागची_लेक · ६ जून, सकाळी ९:५५

नाही, फक्त बीपीची आहे. पहिल्या बँडनंतर नवव्या दिवशी थोडं रक्त दिसलं होतं, आता उलगडा झाला.

बडोद्याचा_प्रवासी · ६ जून, दुपारी १:००

मग चिरेची, म्हणजे फिशरची, जागा कुठली? माझ्या बायकोला तीच आहे. शौचानंतर तास-दोन तास जळजळ, आणि रक्त अगदी थेंबभर.

सर्जनकाका_ग्वाल्हेर · ६ जून, दुपारी ४:१५

फिशर रेषेच्या खाली, बहुतेक वेळा मागच्या बाजूला मधोमध. म्हणून दुखणं आधी आणि रक्त थोडं. बाबांचं उलटं, रक्त भरपूर आणि दुखणं नाही. ओपीडीत रुग्ण बसायच्या आतच आम्ही यावरून अर्धा अंदाज बांधतो. पण उरलेला अर्धा डोळ्याने बघूनच. वहिनींना तपासून घ्या. चीर बाजूला असेल किंवा महिन्या-दोन महिन्यांत भरत नसेल तर तिचं कारण वेगळं असू शकतं.

रामबागची_लेक · १३ जुलै, रात्री ८:३०

मंडळी, काल बाबांना नेलं, त्या दुसऱ्या सर्जनकडेच. सात वाजताच्या जागेची जखम भरली होती, पण ते म्हणाले, आज तिथे हात लावत नाही, अकराचा करू.

बाबा टेबलावर मूठ आवळून पडले होते. मीच विचारलं, 'सर, रिंग सोडायच्या आधी नुसतं धरून बघाल का?' त्यांनी मान हलवली, ते तेच करणार होते. पहिल्यांदा धरलं तेव्हा बाबा म्हणाले, 'टोचलं.' त्यांनी सोडलं, थोडं वर घेतलं. 'आता?' बाबा क्षणभर थांबले. 'दाबल्यासारखं.' आणखी थोडं वर. 'काहीच नाही.' तेव्हा टक् असा आवाज झाला आणि रिंग लागली. आम्हाला पंधरा मिनिटं बाहेर बाकावर बसवून ठेवलं, दुखतंय का ते बघायला. बाबांनी त्या पंधरा मिनिटांत दोनदा घड्याळ पाहिलं आणि मूठ सोडली.

सातच्या कोंबाचं काय करायचं, ते सहा आठवड्यांनी ठरेल. सर म्हणाले, तो खूप उतरलाय, कदाचित बँड पुरणार नाही. काका, अशा वेळी तुम्ही काय करायचात?

सर्जनकाका_ग्वाल्हेर · १४ जुलै, सकाळी ७:४०

आधी उरलेले दोन बसले की सातचा किती वर ओढला जातो ते बघायचो. कधी कधी शेजारचे आवळले गेल्यावर तोही वर सरकतो. नाही सरकला तर कापून काढायचो, पण मग खालची कातडीही कापावी लागते आणि ते दुखणं दोन-तीन आठवड्यांचं असतं. त्यातही दोन जखमांच्या मध्ये चांगल्या कातडीची पट्टी राखावी लागते, नाहीतर भरताना वाट आक्रसते. बाबांना आत्ता एवढं सांगू नका. सहा आठवड्यांनी काय दिसतं ते इथे लिहा.

डिसेक्शन_हॉल · १४ जुलै, रात्री ९:०५

ताई, ते 'टोचलं' आणि 'काहीच नाही' यांच्यामध्ये सरांनी चिमटा किती वर नेला असेल, अंदाज आहे का?

रामबागची_लेक · १४ जुलै, रात्री ९:२०

मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. करंगळीच्या नखाएवढंही नसेल.